वयाचा दाखला आणि औषधाची मात्रा

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. मूल शाळेत घालायला आणले की गुरुजी त्याच्याकडे एकवार पाहत, अंदाजाने वर्ष धरत आणि तारीख सोयीची लिहीत. त्या दाखल्यावर माणूस नोकरीला लागला, त्याच दाखल्यावर निवृत्त झाला, आणि म्हातारपणी इस्पितळात गेला तेव्हा केसपेपरवरही तोच आकडा चढला. नोकरीच्या बाबतीत या अंदाजाने फारसे बिघडत नाही. कर्करोगाच्या उपचारात मात्र हा आकडा पुष्कळदा निकालपत्रासारखा वापरला जातो. ‘पंचाहत्तरी उलटली आहे, आता कशाला त्रास द्यायचा’ असे नातेवाईक म्हणतात आणि डॉक्टरही मान डोलावतात. उलट सत्तरीच्या आतबाहेरचा एखादा गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत आला की त्याला चाळिशीतल्या माणसाची मात्रा लिहून दिली जाते. या दोन्ही निर्णयांत चूक असू शकते, आणि तिचे मूळ एकच आहे. वय मोजले जाते, माणूस मोजला जात नाही.

कर्करोगाच्या बहुतेक इंजेक्शनांची मात्रा रुग्णाची उंची आणि वजन यांवरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागानुसार ठरते. या हिशेबात शक्तीला जागाच नाही. शिवाय ज्या चाचण्यांतून ‘प्रमाण मात्रा’ ठरल्या, त्यांत भाग घेणारे बहुसंख्य लोक वयाने लहान आणि इतर व्याधींपासून मुक्त होते. कर्करोग हा मुख्यतः उतारवयातला आजार असूनही म्हातारी माणसे या चाचण्यांत अगदी थोडी होती. म्हणजे कापड एकाच्या मापाने बेतले आणि सदरा दुसऱ्याला घातला, असे हे प्रकरण आहे.

वृद्धांच्या शरीरात नेमके काय कमी होते, हे कारकुनी भाषेत सांगायचे तर शिल्लक कमी होते. महिन्याचा खर्च पगारात भागतो तोवर घरात पुंजी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अचानक मोठा खर्च निघाला की कळते. तरुण माणसाचे मूत्रपिंड, अस्थिमज्जा, स्नायू यांच्याजवळ नित्याच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक क्षमता राखीव असते. वयानुसार ती घटते, पण सर्वांची सारख्या वेगाने नाही. ही राखीव क्षमता इतकी आटते की एखाद्या लहानशा आघातानेही माणूस कोलमडतो, अशा अवस्थेला वैद्यकात ‘फ्रेल्टी’ म्हणतात. आपण तिला जर्जरता म्हणू. रसायनोपचार हा मोठ्या खर्चाचा प्रसंग असतो. तो येण्यापूर्वी पुंजी किती आहे हे पाहणे, एवढाच या विषयाचा गाभा आहे.

पाहण्याची ही पद्धत मूळची कर्करोगतज्ज्ञांची नव्हे. इंग्लंडमध्ये मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंकडे १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळातील चिररुग्ण वृद्धांचे विभाग सोपवण्यात आले. ‘म्हातारपण’ एवढ्याच निदानावर वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या माणसांना त्यांनी एकेक करून तपासले, आणि त्यांतील अनेकांना उठवून चालते केले. त्यातून वृद्धचिकित्सा ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. कर्करोगतज्ज्ञांना तिची गरज पटायला पुढे अर्धे शतक लागले. तोपर्यंत रुग्ण कितपत हिंडता-फिरता आहे, दिवसातला किती वेळ अंथरुणात असतो, यावरून एक श्रेणी देण्याची पद्धतच चालू होती. ती आजही आहे आणि निरुपयोगीही नाही. पण तिच्यातून पुंजी दिसत नाही.

हे स्पष्टपणे दाखवून दिले ते आरती हुरिया या अमेरिकेतील वृद्ध-कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी. २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रसायनोपचार सुरू होण्याआधी या रुग्णांना काही साधे प्रश्न विचारले होते. गेल्या सहा महिन्यांत पडलात का? ऐकू कसे येते? थोडे अंतर चालताना अडचण होते का? औषधे स्वतः घेता की कुणाची मदत लागते? आजारामुळे लोकांत मिसळणे कमी झाले आहे का? त्यांच्या जोडीला हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाची क्षमता, कर्करोगाचा प्रकार, औषधे एक की अनेक, मात्रा पूर्ण की कमी, एवढ्याच गोष्टी घेतल्या. प्रत्येकीला गुण दिले. निम्म्याहून अधिक रुग्णांना तीव्र दुष्परिणाम झाले. ज्यांचे गुण ५ पर्यंत होते त्यांच्यापैकी दहांत तिघांना, ६ ते ९ गुणांच्या गटात दहांत पाचांना आणि १० किंवा अधिक गुणांच्या गटात दहांत आठांहून अधिकांना. डॉक्टरांनी नेहमीच्या रीतीने दिलेल्या श्रेणीला मात्र हा फरक ओळखता आला नाही. पडण्याला या कोष्टकात ३ गुण आहेत आणि ७२ वर्षांच्या पुढच्या वयाला २. दारात अडखळून पडणे ही गोष्ट जन्मतारखेपेक्षा अधिक बोलकी ठरली.

प्रत्यक्षात हे कसे चालते ते दोन माणसांवरून पाहू. ती कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणाऱ्या चित्रांवरून ती उभी केली आहेत, पण त्यांचे आकडे आणि त्यांवरचे निर्णय खऱ्या कोष्टकांप्रमाणेच आहेत.

पहिल्या ७८ वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. काखेतील गाठींत रोग सापडला असून ट्यूमर संप्रेरकांच्या औषधांना दाद न देणाऱ्या जातीचा आहे. थोरला मुलगा म्हणतो, ‘आईला आता केमोथेरपी नको, या वयात सोसायचे नाही.’ दुसरे ७१ वर्षांचे निवृत्त कारकून आहेत. जठराचा कर्करोग यकृतात पसरला आहे. ते इस्पितळात स्वतः चालत आले आणि प्रश्नांना नीट उत्तरे दिली. त्यांचा मुलगा म्हणतो, ‘बाबांचे वय तसे फार नाही, जे सर्वांत जोरदार असेल ते द्या.’

दोघांनाही प्रथम जी-८ नावाची आठ प्रश्नांची चाळणी लावली. परिचारिका ती पाच-सात मिनिटांत पुरी करू शकते. खाणे कमी झाले का, तीन महिन्यांत वजन किती उतरले, हालचाल कशी आहे, स्मृती व मन ठीक आहे का, उंचीच्या मानाने वजन किती, तीनपेक्षा अधिक औषधे चालू आहेत का, समवयस्कांच्या तुलनेत स्वतःची प्रकृती कशी वाटते, आणि सर्वांत शेवटी वय. एकूण गुण १७. गुण १४ किंवा कमी पडले तर सविस्तर तपासणी करायची. बाईंना १६ गुण पडले. वजन दोन किलोंनी उतरले आहे एवढीच काय ती उणीव. बाकी जेवण पूर्वीसारखे आहे, गोळ्या दोनच आहेत, आणि ‘तुमच्या वयाच्या बायकांपेक्षा तुमची प्रकृती कशी?’ या प्रश्नाला त्यांनी ‘पुष्कळ बरी’ असे उत्तर दिले. कारकूनसाहेबांना ६ गुण पडले. तीन महिन्यांत वजन ५३ वरून ४६ किलोंवर आले आहे, जेवण अर्ध्यावर आले आहे, मन उदास आहे आणि औषधे पाच आहेत. वयाचे दोन गुण मात्र त्यांना पुरेपूर मिळाले, कारण ते ८० च्या आत आहेत.

म्हणून त्यांची सविस्तर तपासणी झाली. तिला तासभर लागतो, आणि आपल्याकडच्या गर्दीत खरी अडचण इथेच येते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, एवढ्याला त्यांना १९ सेकंद लागले. बारा सेकंदांच्या पुढे गेले की पडण्याचा धोका धरतात. ‘कधी पडलात का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘छे’ म्हटले. पत्नीला वेगळे विचारले तेव्हा, महिन्यापूर्वी रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते, असे निघाले. पडणे ही लपवण्याची गोष्ट आहे असे वृद्धांना वाटते, म्हणून हा प्रश्न घरच्या दुसऱ्या माणसालाही विचारावा लागतो. निजून घेतलेला रक्तदाब वरचा १३० होता, उभे राहिल्यावर तो १०४ झाला. कारण उघड होते. ५३ किलोंच्या माणसाला बेतून दिलेली रक्तदाबाची गोळी ४६ किलोंचा माणूस अजून घेत होता आणि जोडीला कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेली झोपेची गोळीही चालू होती.

सर्वांत फसवी गोष्ट प्रयोगशाळेच्या कागदावर होती. क्रिएटिनिन १.१. कागदावर त्याच्यापुढे खूण नव्हती, म्हणजे मूत्रपिंड ठीक. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायूच आटले असतील तर मूत्रपिंड मंदावले तरी आकडा वाढत नाही. त्यासाठी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ चे एक सोपे सूत्र आहे. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा. बायकांसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. इथे ६९ गुणिले ४६ भागिले ७९.२, म्हणजे मिनिटाला सुमारे ४० मिलिलिटर. त्यांना द्यावयाच्या दोन औषधांपैकी कॅपेसिटाबिन या गोळीची मात्रा हा आकडा ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर पाऊणपट करावी आणि ३० च्या खाली असेल तर ती देऊच नये, असा नियम आहे. ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवलेल्या कागदात ही सूचना दडलेली होती. वजन आणि वय हाती असलेला कुणीही शिक्षक हे गणित फळ्यावर करून दाखवील. तरी ते करायचे राहून जाते.

हुरिया यांच्या कोष्टकात कारकूनसाहेबांचे गुण असे पडतात: जठराचा कर्करोग २, दोन औषधे २, पूर्ण मात्रा २, हिमोग्लोबिन ११ च्या खाली ३, पडणे ३, औषधे दुसऱ्याच्या हातून घेणे १, लोकांत मिसळणे कमी होणे १. एकूण १४. वयाबद्दल शून्य. बाईंचे गुण ६, त्यांत वयाचे २, आणि उरलेले ४ दोन औषधे पूर्ण मात्रेत देण्याचे.

येथे एक आक्षेप नोंदवला पाहिजे. हे कोष्टक अमेरिकेतले आहे. औषधे दुसऱ्याच्या हातून घेणे हे तिथे असमर्थतेचे लक्षण असेल. आपल्याकडे धडधाकट नवऱ्यालाही बायको गोळी आणि पाण्याचा पेला हातात आणून देते. तो एक गुण आजाराचा की संसाराचा, हे विचारून ठरवावे लागते. स्मृतीच्या चाचणीत आजची तारीख विचारतात. खेड्यातली आजीबाई ‘आज एकादशी’ म्हणते आणि ते अचूक असते, पण रकान्यात चूक पडते. वजन कधी केलेलेच नसते, तेव्हा बांगडी मनगटावर सैल झाली का, कमरेचा पट्टा किती भोके आत गेला, हे विचारावे लागते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१८ पासून वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. असे विभाग आपल्याकडे जितके वाढतील तितकी ही कोष्टके आपल्या घरांच्या मापाने दुरुस्त होतील. तोवर ती डोळे झाकून भरू नयेत, इतकेच.

आता निर्णय. कारकूनसाहेबांचा रोग बरा होणारा नाही, आणि उपचाराचा हेतू आयुष्य काही महिने वाढवणे व ते सुसह्य करणे हा आहे. अशाच रुग्णांवर ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्ननलिका व जठराचा पसरलेला कर्करोग असलेल्या, पूर्ण उपचार सोसणार नाही अशा ५१४ रुग्णांना तीन गटांत वाटले. एका गटाला दोन औषधांची ठरलेली मात्रा दिली, दुसऱ्याला तिच्या ८० टक्के आणि तिसऱ्याला ६० टक्के. मध्यम आयुर्मान पहिल्या गटात ७.५ महिने, दुसऱ्यात ६.७ आणि तिसऱ्यात ७.६ महिने निघाले. रोग आटोक्यात राहण्याच्या बाबतीत कमी मात्रा मागे पडली नाही, आणि त्रास सर्वांत कमी ६० टक्क्यांच्या गटाला झाला. संशोधकांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. रोग वाढला का, त्रास किती झाला, याच्या जोडीला ‘हा उपचार घेतल्याचे सार्थक झाले असे तुम्हाला वाटते का?’ हेही रुग्णाला विचारून सर्वांचा मिळून एक निकाल काढला. त्यातही ६० टक्केवालेच पुढे होते. औषध जास्त म्हणजे गुण जास्त, ही समजूत कारकूनसाहेबांच्या मुलाची होती तशी अनेक डॉक्टरांचीही आहे. जर्जर शरीराच्या बाबतीत ती टिकत नाही.

पण हाच न्याय बाईंना लावला तर तो अन्याय होईल. त्यांचा रोग अजून बरा होण्याजोगा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ६३३ स्त्रियांवर, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, एक चाचणी झाली होती, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या स्त्रियांना नेहमीचा संयुक्त रसायनोपचार दिला आणि निम्म्यांना सोपी म्हणून एकट्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. सोप्या उपचाराच्या गटात रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले, आणि तोटा सर्वाधिक झाला तो ट्यूमर संप्रेरकांना दाद न देणाऱ्या स्त्रियांचा. बाई नेमक्या याच गटात येतात. वयाकडे पाहून दाखवलेली दया इथे जीव घेणारी ठरली असती. त्यांना दोन औषधे पूर्ण मात्रेत, पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनांच्या आधाराने, चार वेळा देण्याचे ठरले. कमी मात्रा हा जर्जरांचा हक्क आहे आणि पूर्ण मात्रा हा सशक्तांचा. कोण कुठल्या रांगेत उभा आहे हे केसपेपरवरच्या आकड्यावरून कळत नाही.

तपासणीचा उपयोग मात्रा ठरवण्यापुरता नसतो. २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत असाध्य कर्करोग झालेले सत्तरीपुढचे ७१८ रुग्ण होते. काही डॉक्टरांच्या हाती वृद्धचिकित्सेच्या तपासणीचा सारांश आणि सूचना दिल्या, इतरांना दिल्या नाहीत. पहिल्या गटात तीव्र दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले, दुसऱ्यात ७१ टक्क्यांना. पडण्याचे प्रमाण १२ टक्के विरुद्ध २१ टक्के. डॉक्टरांनी सुरुवातीची मात्रा अधिक वेळा कमी केली, तरी सहा महिन्यांनी हयात असलेल्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सूचना साध्याच होत्या: निरुपयोगी औषधे थांबवणे, चालण्याचे व्यायाम शिकवणे, आहार सांभाळणे.

कारकूनसाहेबांच्या बाबतीत तेच झाले. झोपेची गोळी हळूहळू बंद केली, रक्तदाबाची अर्ध्यावर आणली. लोहाच्या कमतरतेवर इंजेक्शन दिले. दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडे थोडे खाणे, त्यात अंडे, दही, मऊ खिचडी. न्हाणीघरात धरायला कांब बसवली आणि रात्रीचा दिवा ठेवला. यात दोन आठवडे गेले. पसरलेल्या रोगात दोन आठवडे थांबल्याने सहसा बिघडत नाही, पण नातेवाइकांना ते युगासारखे वाटतात, हेही खरे. मग ६० टक्के मात्रेने सुरुवात झाली. घरी एक कागद चिकटवला: नेहमीपेक्षा चार जुलाब अधिक झाले किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी कळवा. म्हाताऱ्या माणसाला जुलाबांतून येणारा कोरडेपणा एका रात्रीत मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. ‘उद्या बघू’ म्हणणे इथेच महाग पडते.

तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा वजन ४६ वरच होते, तळहात किंचित लाल होते, एकदाही पडले नव्हते. मुलाने विचारले, ‘सोसले आहे, तर आता मात्रा वाढवायची का?’ डॉक्टरांनी तो प्रश्न बाबांकडे वळवला. ते म्हणाले, ‘परवा कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन आलो. दोन महिन्यांनी गेलो होतो. तेवढे चालू राहू द्या.’ दुसरी खेप त्याच मात्रेने लिहिली गेली.